न गेलेला मेसेज

वर्गणी गोळा करण्याचं काम माझ्याकडे आलं ते माझ्या तोंडामुळे. कंपनीत कुणाचं लग्न असो, कुणाच्या घरी बारसं असो, नाहीतर लाइनवरचा गणपती असो, लोक चांगुलपणाने पैसे देत नाहीत हे मला फार लवकर कळलं होतं. माणसं लाजेने देतात किंवा भीतीने देतात. मी चारचौघांत विचारायचो, "काय राव, हॉटेलात मिसळ खाताना हात आखडत नाही तुझा?" आणि तो मुकाट्याने फोन काढायचा. माझ्या क्यूआर कोडचा फोटो कंपनीच्या ग्रुपवर इतक्या वेळा पडला होता की काहींनी तो सेव्ह करून ठेवला होता. माझ्यावर कुणाचं प्रेम नव्हतं, पण पै इकडची तिकडे होणार नाही याची सगळ्यांना खात्री होती. निदान मला तसं वाटायचं.

चाकणला आम्ही दोघं एका खोलीत राहायचो. तो हिंगोलीकडचा, मी परभणीकडचा. दोघंही एकाच ठेकेदाराकडे, एकाच कंपनीत, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या. त्याला रूम पार्टनर म्हणायचं, पण खरं तर तो माझी चव होता. स्वयंपाक तो करायचा, मी भांडी घासायचो आणि त्याच्या भाजीला नावं ठेवायचो. आमच्या दोघांची एटीएम कार्डं गावाकडे होती. आमच्याकडची ही रीतच आहे. पगार खात्यात पडतो, कार्ड बायकोकडे नाहीतर म्हाताऱ्याकडे, ते तालुक्याला जाऊन घरखर्चाचे पैसे काढतात. इथे आमचं सगळं फोनवर चालतं, चहापासून खोलीभाड्यापर्यंत. कार्ड गावात आणि अ‍ॅप चाकणला, असा एका खात्याचा संसार दोन ठिकाणी. या रीतीचा आम्हाला अभिमान होता. त्यात काही खोट असेल असं कधी मनात आलं नाही.

उन्हाळ्यात त्याला कावीळ झाली. आधी त्याने अंगावर काढली, मग गावठी औषध घेतलं, आणि डोळे हळदीसारखे पिवळे झाल्यावर मी त्याला शिव्या घालत पिंपरीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. गावाहून त्याची बायको आली. वहिनी साध्या, बटणांचा फोन वापरणाऱ्या. त्याच्या स्वतःच्या फोनची काच मागेच फुटली होती आणि आता डिस्प्लेही गेला होता. गावाकडे त्याची म्हातारी आई एकच धोशा लावून बसली होती, "मला त्याचं तोंड दाखवा." मी शिफ्ट सुटल्यावर जायचो, माझ्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावायचो, आणि वॉर्डात नेटवर्क असं की चित्र अर्ध्यात थांबायचं. म्हातारीला पोराचा एक डोळा आणि सलाइनची बाटली दिसायची. ती रडायची, तो पडल्या पडल्या हसायचा, आणि मी फोनला शिव्या द्यायचो.

शनिवारी आमच्या गेटबाहेर सिमकार्डवाल्याची छत्री लागली होती. जुनं सिम द्या, नवं फाइव्ह-जीचं घ्या, नंबर तोच, पैसे नाहीत. मी विचारलं, "व्हिडिओ कॉल नीट चालेल का?" तो म्हणाला, "एकदम जोरात." आधार दाखवलं, चेहऱ्याचा फोटो दिला, त्याने नवं सिम घालून दिलं. म्हणाला, थोड्या वेळाने चालू होईल. आणखीही काही बोलला असेल. पण मागे रांग होती, मला बस धरायची होती, आणि फुकट मिळालेल्या गोष्टीबद्दल कोण जास्त चौकशी करतं?

त्या संध्याकाळी दवाखान्यात पोहोचलो तेव्हा जुनं सिम मेलं होतं आणि नवं जन्मायचं होतं. फोनला रेंजच नाही. मी म्हणालो, "उद्या आईला चकचकीत दाखवतो, थांब." तो नुसता हसला. त्या नव्या सिमपायी म्हातारीचा शेवटचा कॉल हुकला. पुढे जे झालं ते तर झालंच, पण मला सगळ्यात जास्त हेच डाचतं.

रविवारी सकाळी वहिनींचा फोन आला. नवं सिम रात्रीतून चालू झालं होतं, आवाज अगदी स्वच्छ येत होता. त्यांनी एवढंच सांगितलं, "भाऊजी, हे गेले."

मी बस पकडली आणि बसमध्येच ग्रुपवर लिहिलं. आपला माणूस गेला, गावी न्यायचा आहे, अँब्युलन्सला पैसे लागतील, ज्याला जेवढं जमेल तेवढं लगेच टाका. खाली नेहमीचा क्यूआर कोड. या वेळी कुणाला टोचावं लागलं नाही. मरणाला लोक पटकन पैसे देतात, कारण नाही म्हणायला तोंड राहत नाही. भोसरीपर्यंत ग्रुपवर पैसे पाठवल्याच्या स्क्रीनशॉटांची रांग लागली. मी प्रत्येकाला हात जोडल्याचं चित्र पाठवत होतो. बँकेचे मेसेज येत नव्हते हे माझ्या लक्षात आलं, पण रविवार आहे, उशिरा येतील, असं समजून मी सोडून दिलं.

दवाखान्याच्या मागच्या आवारात, शवागाराच्या बाजूला, कंपनीतले पाच-सहा जण आले होते. त्यांत पेंट शॉपमधला एक जण होता. त्याला पुढेही बोलणं आहे म्हणून सांगून ठेवतो. आवाज मोठा, मदतीला पहिला, आणि आपण मदत केली हे सांगायलाही पहिला. कागदपत्रं त्यानेच धावपळ करून पूर्ण केली होती, हे कबूल करायला हवं. अँब्युलन्सही त्यानेच ठरवली होती, आणि शवागारातून काढून माझ्या रूम पार्टनरला आत ठेवलंही होतं. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी गावी कळवलं होतं. निरोप आला होता की आता निघालात तर रात्रीच्या जेवणाच्या वेळेपर्यंत पोहोचाल, आम्ही थांबतो, आई तोंड पाहिल्याशिवाय उचलू देणार नाही. मे महिन्याचं ऊन होतं. साध्या अँब्युलन्सला ना एसी, ना बर्फाची पेटी. प्रत्येक तासाला त्या तोंडाचं काय होणार हे तिथे सगळ्यांना कळत होतं.

ड्रायव्हर म्हणाला, "अर्धे आत्ता टाका. डिझेल भरायचंय. बाकीचे गावात गेल्यावर." वाजवी होतं. मी ऐटीत फोन काढला, त्याचा कोड स्कॅन करायला अ‍ॅप उघडलं.

अ‍ॅप म्हणालं, तुमचं सिम बदललेलं दिसतंय, नंबर पुन्हा पडताळा. म्हटलं, पडताळ बाबा. सिम निवडलं, पुढे जा दाबलं. 'मेसेज पाठवत आहोत' असं लिहून आलं आणि एक चक्र फिरायला लागलं. ते फिरलं, फिरलं, आणि लाल अक्षरं आली. मेसेज पाठवता आला नाही. बॅलन्स आणि नेटवर्क तपासा.

तोपर्यंत मला यातली काही माहिती नव्हती. नंतर कळली ती अशी. पैसे यायला आपला फोन लागतच नाही. कोड खात्याला बांधलेला असतो, फोन बंद असला तरी पैसे खात्यात पडतात. पैसे जायला मात्र फोन लागतो, आणि तो फोन आपलाच आहे याची बँकेला खात्री हवी असते. त्यासाठी अ‍ॅप आपल्या सिमवरून, आपल्याला न विचारता, एक साधा मेसेज पाठवतं. तो पोहोचला की बँक म्हणते, हा नंबर याच फोनमध्ये आहे, उघडा दार. तो मेसेज गेलाच नाही तर आपण आपल्याच खात्याच्या उंबऱ्याबाहेर.

मी पुन्हा केलं. पुन्हा लाल. विमानाचं चिन्ह दाबून सोडलं, फोन बंद करून चालू केला, सिम काढून पुसून घातलं. ड्रायव्हर घड्याळाकडे बघत होता. पेंट शॉपवाला म्हणाला, "रिचार्ज संपला असंल." रिचार्ज होता. "मेसेजचा पॅक नसंल." तोही होता. मग मी त्यालाच एक साधा मेसेज पाठवला, नुसता 'हॅलो'. त्याच्या फोनवर काही आलं नाही, माझ्याकडे मेसेजच्या खाली 'पाठवला नाही' असं उमटलं. मी फोन त्याच्या तोंडासमोर धरला. "बघ. मेसेजच जात नाही."

त्याने फोन हातात घेतला, माझ्या फोनवरून स्वतःला कॉल केला. लागला. नेट उघडून पाहिलं. सुसाट. त्याने फोन मला परत दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "कॉल जातो, नेट चालतं, पैसे आत येतात. फक्त बाहेर जायचं म्हटलं की मेसेज जात नाही. वा रे भावा."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मी समोरच्या रिचार्जच्या दुकानात धावलो. दुकानदार जेवत होता. त्याने डबा बाजूला न सारताच विचारलं, "सिम कधी बदललं?" मी सांगितलं. तो म्हणाला, "मग नका डोकं फोडू. सिम बदललं की नवं चालू झाल्यापासून चोवीस तास मेसेज बंद असतात. जाणारे बंद, येणारेपण बंद. चोर लोक दुसऱ्याच्या नंबरचं डुप्लिकेट सिम काढून खाती साफ करायचे, म्हणून नियम केलाय. तुमचं रात्री चालू झालं ना? मग आज रात्री होईल." मी म्हणालो, तिकडे माणूस मरून पडलाय. तो म्हणाला, "नियमाला काय माहीत, साहेब?" मग त्याने पोळीचा घास भाजीत बुडवला. ओटीपी मागवून दुसऱ्या वाटेने पैसे काढता येतील का, असं मी विचारलं. तो म्हणाला, ओटीपीपण मेसेजच आहे की.

मी दुकानदाराला म्हणालो, चला, तिकडे येऊन एवढंच सांगा. त्याने एकट्याचं दुकान कसं सोडू म्हणून हात हलवला. मी परत गेलो आणि मीच सांगितलं. चोर, डुप्लिकेट सिम, चोवीस तास. सांगता सांगता मलाच कळत होतं की हे किती बनावट वाटतंय. ज्याच्याकडे पैसे अडकलेत तोच सांगतोय की चोरांच्या भीतीने पैसे अडकलेत.

मी म्हणालो, "असं करा. आत्ता तुमच्यापैकी कुणीतरी ड्रायव्हरला टाका. रात्री अ‍ॅप उघडलं की पहिल्यांदा त्याचे परत करतो. पैसे माझ्या खात्यात आहेत, तुम्हीच टाकलेत, स्क्रीनशॉट तुमच्याकडे आहेत."

साधी गोष्ट होती. एकाने अर्धा दिवस विश्वास ठेवायचा होता. तिथे उभ्या असलेल्या किमान दोघांच्या खात्यात तेवढे पैसे होते हे मला ठाऊक होतं, कारण वर्गणी मागणाऱ्याला सगळ्यांच्या ऐपती ठाऊक असतात. एकाने चपलेचा अंगठा जमिनीत रोवला. एक जण फोन आल्यासारखं करून झाडाकडे गेला. पेंट शॉपवाला म्हणाला, "आम्ही एकदा दिलेत. आता दुसऱ्यांदा द्यायचे, आणि रात्री तुझा फोन लागला नाही तर?"

"माझी खोली माहीत आहे ना तुला?"

"खोली सोडायला काय लागतं? एक बॅग."

मी त्याची कॉलर धरली. ती धरायला नको होती असं लोक म्हणतात. मला अजूनही वाटतं की अजून घट्ट धरायला हवी होती. बाकीच्यांनी सोडवलं. सोडवताना कुणीतरी, कोण ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, तो शब्द बोलला. "मढ्याच्या टाळूवरचं लोणी." लहानपणापासून ऐकलेली म्हण, पण माझ्यासाठी कुणी वापरेल हे कधी वाटलं नव्हतं.

मी बायकोला फोन लावला. माझं कार्ड तिच्याकडे; त्याचं वहिनी गावी दिराकडेच ठेवून आल्या होत्या. ती म्हणाली, "तालुक्याला जायचं म्हणजे आता दुपारची गाडी. पैसे काढते हो, पण ते इथं निघतील, तुम्ही तिथं. त्याचं काय करू?" बरोबर होतं. मी तिच्यावरच ओरडलो आणि फोन ठेवला.

दुपार चढली. ड्रायव्हर दोनदा निघून जातो म्हणाला आणि दोनदा थांबला. गाडी उन्हात, आत तो. मी दर थोड्या वेळाने ते बटण दाबत होतो. चक्र फिरायचं, लाल अक्षरं यायची. शेवटी अ‍ॅपने तेही बंद केलं. खूप वेळा प्रयत्न झाले, नंतर या, म्हणालं. पेंट शॉपवाला माझ्या खांद्यावरून बघत होता. म्हणाला, "आता तर बटणपण गेलं."

मग वहिनी उठल्या. इतका वेळ त्या काहीच बोलल्या नव्हत्या. त्या माझ्यापाशी आल्या, मला बाजूला नेलं. पदर सारखा केला आणि अगदी हळू, मला लाज वाटू नये म्हणून हळू, म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही खाल्ले असतील तं खाल्ले म्हणा. मी कुणाला सांगत नाही. मला रागबी नाही. पण यांना घरी जाऊ द्या. आई बसून आहेत."

माझं हे फाटकं तोंड, ज्याच्या भीतीने लोक पैसे काढायचे, ते त्या दिवशी कामाला आलं नाही. मी फोन पुढे केला, लाल अक्षरं दाखवली. त्यांनी फोनकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांना वाचता येत नव्हतं.

ऊन कलल्यावर ठेकेदार आला. चाकणच्या जवळच्याच गावातला, जमिनी कंपन्यांना गेल्या आणि त्या पैशातून माणसं पुरवायचा धंदा उभा केलेला. पांढरी गाडी, पांढरा शर्ट. पेंट शॉपवाल्याने त्याला फोन केला होता. त्याने गाडीतून उतरता उतरता विचारलं, "काय रं, पैसं हायत का न्हाईत?"

"आहेत शेठ, रात्री निघतील. सिमचा..."

"रातच्याला मढं थांबतंय व्हय?" तो म्हणाला. मग वहिनींकडे वळून, आवाज मऊ करून, "ताई, तुमी काळजी करू नका. म्या भरतो समदं. त्याचा पगार अन् बाकीचं माझ्याकडं येणं हाय, त्यातनं वळतं करून घेतो. चाललं ना?"

वहिनींनी मान हलवली. ज्या बाईला नवऱ्याला घरी न्यायचंय ती मान हलवणार नाही तर काय करणार! मी मध्ये पडलो. "शेठ, वळतं कशाला? वर्गणी जमलीय. रात्री तुम्हालाच देतो सगळे."

"तुझं रातचं रातच्याला बघू," तो म्हणाला आणि फोन ड्रायव्हरच्या कोडवर धरला. एक टिंग झालं. इतकंच लागत होतं. त्या टिंगसाठी माझा रूम पार्टनर सकाळपासून उन्हात पडला होता.

अँब्युलन्समध्ये मी चढायला गेलो. पेंट शॉपवाल्याने दारावर हात ठेवला. "तू कशाला? तू रात्री मेसेज बघ." आत तो बसला, आणखी एक बसला. वहिनी बसल्या. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्या म्हणतील की भाऊजींना येऊ द्या. त्यांनी पायाशी ठेवलेली पिशवी जवळ ओढली, बस्स. दार लागलं.

रात्री, खोलीवर, मेसेज गेला. चक्र फिरलं आणि हिरवी खूण आली, जणू दिवसभरात काही झालंच नव्हतं. जमलेले पैसे सगळे जिथल्या तिथे होते. मी शिलकेचा फोटो ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, सगळे पैसे सुखरूप आहेत, अँब्युलन्स ठेकेदाराने दिली पण ती वहिनींच्या हिशेबातून कापली जाणार आहे, तेव्हा हे पैसे वहिनींना पाठवतो.

मला वाटलं होतं कुणीतरी माफी मागेल. एवढा मी भाबडा.

पहिलं उत्तर पेंट शॉपवाल्याचं आलं. तो अजून अँब्युलन्समध्येच होता. "भावा, अँब्युलन्सचे शेठने दिले. मग वर्गणीचा विषय संपला. माझे परत टाक." मी लिहिलं, शेठने दिले नाहीत, वहिनींनीच दिले. तो म्हणाला, "तो त्यांचा आणि शेठचा मामला. आपण अँब्युलन्ससाठी दिले होते." याला कुणीतरी होकाराच्या अंगठ्याचं चित्र टाकलं. मग आणखी एकाने. मग रांगच लागली, सकाळी स्क्रीनशॉटांची लागली होती तशीच. माझेपण. माझेपण टाक. महिनाअखेर आहे भाऊ, समजून घे. ज्याचे त्याला देणं बरं, उगाच कुणाचा संशय नको. हे शेवटचं वाक्य ज्याने लिहिलं त्याला मी समजूतदार समजत होतो.

मी नाही म्हणालो. दोन दिवस नाही म्हणालो. तिसऱ्या दिवशी सुपरवायझरने मला बोलावलं. ठेकेदाराचा निरोप होता की लोकांच्या तक्रारी आल्यात, पैसे परत कर, नाहीतर उद्यापासून गेटवर तुझा पास चालणार नाही. माझ्या घरीही खाणारी तोंडं आहेत. मी कॅन्टीनच्या मागे उभा राहून एकेकाला पैसे परत केले. नव्या सिमवर अ‍ॅप अगदी जोरात चालत होतं, त्या छत्रीवाल्याने सांगितल्यासारखं. कधी कुठे अडकलं नाही.

ज्यांनी मागितले नाहीत त्यांचे राहिले. ते थोडे होते. त्यात मी माझे घातले आणि तेराव्यानंतर वहिनींना फोन लावला. दिराच्या खात्यावर पाठवतो म्हणालो. दिराने नंबर दिला, मी पाठवले, तिकडे पोहोचले. मग फोन पुन्हा वहिनींच्या हातात आला.

मी विचारलं, "आईंनी पाहिलं का तोंड?"

"नाही," त्या म्हणाल्या. "पोहोचेपर्यंत पाहण्यासारखं राहिलं नव्हतं. कपडा काढू दिला नाही कुणी. पायाला हात लावला त्यांनी."

तिकडे दीर त्यांना रक्कम सांगत होता, ते मला ऐकू येत होतं. वहिनींनी विचारलं, "एवढेच?" ते त्याला विचारलं की मला, कोण जाणे. मी सांगायला लागलो. वहिनी, लोकांनी परत मागून घेतले, त्या पेंट शॉपवाल्याने आधी मागितले, तुमच्याच शेजारी बसून मागितले...

"त्यांनी?" वहिनी म्हणाल्या. "ते तं खांदा द्यायला होते भाऊजी. वाटेत मला पाणी पाजलं त्यांनी. किती जमले होते तेबी त्यांनीच सांगितलं मला."

मी फोन कानाला धरून उभा होतो. माझ्याकडे सगळ्यांचे परतीचे पुरावे होते, एकूण एक. आणि समोरची बाई वाचू शकत नव्हती.

"असू द्या," त्या म्हणाल्या, आणि आवाजात खरंच माया होती. "तुम्हालाबी लेकरं आहेत. अडचण असंल. थोडे तरी परत दिले तुम्ही. यांचा तुमच्यावर लै जीव होता."